एका गल्लीत आठ लेडीज टेलर

आमच्या गल्लीत लेडीज टेलरची आठ दुकानं आहेत. अस्तर लावलेल्या साध्या ब्लाऊजची शिलाई आठही ठिकाणी साडेपाचशेच्या आसपास. तरी मी वर्षानुवर्षं एकाच ताईंकडे जाते, कारण त्यांनी शिवलेला ब्लाऊज काखेत ओढत नाही. शेजारच्या काकूंचं म्हणणं वेगळंच. कटोरी ब्लाऊज कोपऱ्यावरच्या मास्तरांनीच शिवावा, बाकीचे नुसतं कापड वाया घालवतात. एका दुकानाच्या पाटीवर ‘प्रिन्सेस कट स्पेशालिस्ट’ आहे, दुसरीवर ‘अर्जंट शिलाई’. तिसऱ्याने होती तीच दोन मशिनं ठेवून पाटीवर ‘बुटीक’ लिहून घेतलं आहे.

या आठांपैकी कोणी श्रीमंत झालेलं नाही आणि कोणी दुकानही बंद केलेलं नाही. असं का व्हावं, याचं उत्तर हार्वर्डचे अर्थशास्त्रज्ञ एडवर्ड चेंबरलिन यांनी १९३३ मध्ये मांडलं. बारावीच्या अर्थशास्त्रात आपण ते ‘मक्तेदारीयुक्त स्पर्धा’ या नावाने शिकतो. मक्तेदारी आणि स्पर्धा एकत्र कशा, असं तेव्हा वाटायचं. गल्लीत उभं राहिलं की उलगडतं. बाजार समितीत कांदा आणणारा शेतकरी जो भाव निघेल तो घेतो. त्याने क्विंटलमागे शंभर रुपये जास्त मागितले तर व्यापारी सरळ पुढच्या ट्रॅक्टरकडे जातो. आमच्या ताईंनी पन्नास रुपये वाढवले तर काहीजणी जातील, पण माझ्यासारख्या कुरकुरत का होईना तिथेच राहतील. ताईंच्या हाताची मक्तेदारी एकट्या ताईंकडे आहे. मात्र ती लहानशी आहे आणि तिच्या आजूबाजूला सात जवळचे पर्याय आहेत.

आता हिशेब मांडू. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. ताईंना एका ब्लाऊजमागे अस्तर, हुक, दोरा आणि कारागिराची पीसवर मजुरी मिळून २५० रुपये खर्च येतो. याशिवाय एक ब्लाऊज शिवा नाहीतर शंभर, गाळ्याचं भाडं, वीज, मशिनचा हप्ता असे महिन्याचे ठरलेले २४,००० रुपये लागतात. यातच ताईंचा स्वतःचा पगारही धरला आहे, म्हणजे दुसऱ्याच्या दुकानात काम केलं असतं तर जो मिळाला असता तेवढा.

गल्लीत दुकानं कमी होती तेव्हा ६२५ रुपये शिलाईला महिन्याला १०० ब्लाऊज येत. दर ७५ रुपयांनी वाढवला की वीस ब्लाऊज कमी होत, उतरवला की वीस वाढत. ६२५ ला एका ब्लाऊजमागे ३७५ सुटतात, शंभराचे ३७,५०० झाले. दर ७०० केला तर ऐंशी ब्लाऊजचे ३६,००० आणि ५५० केला तर एकशेवीसचेही ३६,०००. म्हणून ताई ६२५ वर टिकून होत्या. ठरलेला खर्च वजा जाता महिन्याला १३,५०० वर उरत.

ही कमाई झाकून राहत नाही. ताईंकडचाच एक कारागीर दोन वर्षांत काम शिकून चार घरं सोडून स्वतःचं दुकान टाकतो. त्याला परवाना मिळवायचा नाही की कारखाना उभारायचा नाही. एक गाळा, दोन मशिनं आणि एक पाटी, झालं. मग आणखी कोणी येतो. गल्लीतल्या बायका तेवढ्याच, त्या आता जास्त दुकानांत वाटल्या जातात. समजा, कुठल्याही दराला ताईंकडे पूर्वीपेक्षा ४० ब्लाऊज कमी येऊ लागले. ६२५ वर अडून राहिल्या तर ६० ब्लाऊजचे २२,५०० हाती येतात, ठरलेला खर्चही निघत नाही. ५५० ला ८० ब्लाऊज येतात आणि बरोबर २४,००० सुटतात. आणखी उतरवून ४७५ केला तर शंभर ब्लाऊजचे पुन्हा २२,५००. म्हणजे आता एकच दर असा उरला, जिथे दुकान जेमतेम तरतं. वर गेलं तरी तोटा, खाली आलं तरी तोटा. नव्या माणसालाही इथे दुकान टाकण्यात काही दिसत नाही आणि येणारे थांबतात. ताई उपाशी नाहीत, त्यांचा पगार त्या २४,००० मध्ये आहेच. गेली ती वरची कमाई.

इथे एक गोष्ट खटकायला हवी. त्याच दोन मशिनांवर ताई महिन्याला १५० ब्लाऊज शिवू शकतात. तेवढे शिवले असते तर ठरलेला खर्च ब्लाऊजमागे १६० वर आला असता आणि एक ब्लाऊज एकूण ४१० रुपयांत पडला असता. ८० च शिवतात म्हणून तो ५५० ला पडतो. आठ दुकानं मिळून महिन्याला ६४० ब्लाऊज, ते पाच दुकानांत आरामात शिवून झाले असते. मग तीन दुकानं फुकट चालली आहेत का?

चेंबरलिन हे मान्य करत नव्हते. त्यांच्या मते लोकांना विविधता हवी असते आणि हा जास्तीचा खर्च म्हणजे तिची किंमत. मला ते बऱ्याच अंशी पटतं. आपलं माप ओळखणारा हात जवळ असावा, यासाठी मी काही रुपये जास्त देते आणि ते मला वाया गेले असं वाटत नाही. पण ‘बुटीक’च्या पाटीसाठी कोणी जास्त दिले असतील, तर त्यांना नेमकं काय मिळालं हे सांगणं कठीण आहे.

मुंबईत जन्मलेले अर्थशास्त्रज्ञ अविनाश दीक्षित यांनी अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासोबत १९७७ मध्ये हा प्रश्न गणितात बसवला. नवं दुकान निघतं तेव्हा दोन गोष्टी एकदम होतात. ते जुन्या दुकानांची गिऱ्हाइकं ओढतं, आणि ते नुकसान नव्याच्या हिशेबात येत नाही. त्या बाजूने दुकानं गरजेपेक्षा जास्त होतात. पण ज्या बाईला इतकी वर्षं धड बसणारा ब्लाऊज मिळाला नव्हता, तिला झालेला आनंद शिलाईत पुरता वसूल होत नाही, म्हणून निघायला हवीत अशी काही दुकानं निघतही नाहीत. यातलं कोणतं पारडं जड होईल, हे सगळीकडे एकसारखं नसतं.

एखादा बाजार या प्रकारचा आहे का, हे पाहण्याची एक साधी खूण आहे. दुकानदाराला आहे त्याच दरात आणखी एक गिऱ्हाईक हवं असतं का? कांदेवाल्याचा सगळा माल चालू भावाला जातो, तो कोणाला आर्जव करत नाही. ताईंना मात्र साडेपाचशेला आलेला प्रत्येक जादा ब्लाऊज तीनशे रुपये देऊन जातो. म्हणून नवीन बाई दारात दिसली की स्टूल पुढे सरकतं, कॅटलॉग निघतो, “पहिल्या ब्लाऊजला लटकन माझ्याकडून” असं होतं.

तुम्ही म्हणाल, मशिनं निम्मी रिकामी असतात तर ब्लाऊज वेळेवर का मिळत नाही? ८० हा वर्षाचा सरासरी आकडा आहे. पितृपक्षात ताई दुपारी दुकानात डुलकी काढतात आणि लग्नसराईत दीडशेच्या वर कापडं येऊन पडतात. तेव्हाही त्या नाही म्हणत नाहीत, कारण प्रत्येक कापडात ते तीनशे आहेत आणि परत पाठवलेली बाई शेजारच्या दुकानात बसली तर कदाचित कायमची गेली. मग सगळी कापडं घेतली जातात आणि सगळ्यांना मंगळवार दिला जातो. भाचीच्या लग्नाच्या आदल्या रात्री साडेनऊला मी हुक लावून व्हायची वाट बघत त्याच स्टुलावर बसले होते, आणि माझ्यापुढे अजून तिघी होत्या.