धंद्यातला तोटा: सेट ऑफ आणि पुढच्या वर्षी ओढणं

धंद्यात तोटा आला की तो त्याच वर्षीच्या दुसऱ्या उत्पन्नातून वजा करता येतो, याला सेट ऑफ म्हणतात, आणि जो उरतो तो पुढच्या वर्षांत ओढता येतो, याला कॅरी फॉरवर्ड. १९६१ च्या आयकर कायद्यात हे कलम ७१ आणि ७२ मध्ये आहे (१ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा लागू, त्यात कलमांचे नंबर बदललेत).

समजा कोल्हापुरात उद्यमनगरला एकाचं लेथचं वर्कशॉप आहे, शिवाय तो एका कॉलेजात शिकवतो. २०२३-२४ ला वर्कशॉपचा तोटा ६,००,००० आणि मशीनचा घसारा वेगळा २,००,०००. पगार ४,२०,०००, घरभाडं ३० टक्के वजावट जाऊन १,६८,०००, एफडीचं व्याज ८२,०००. आता बरेच जण म्हणतात पगारातूनच तोटा काढूया की, पण ते चालत नाही, धंद्याचा तोटा पगाराला हात लावत नाही. भाडं आणि व्याज मिळून २,५०,००० मात्र पूर्ण पुसलं जातं, तोटा उरतो ३,५०,०००, आणि २,००,००० घसाराही तसाच पुढं जातो, पण त्याचं खातं वेगळं.

हे वेगळं खातं कशाला ते पुढच्या वर्षी कळतं. २०२४-२५ ला त्या वर्षीचा घसारा वजा जाऊन धंद्याचा नफा ४,००,०००, बाकी उत्पन्न तेवढंच. जुना तोटा आता फक्त धंद्याच्या नफ्यातूनच जातो, भाड्याव्याजातून नाही, म्हणून आधी ३,५०,००० तिथं घातले, नफा उरला ५०,०००. मग जुना घसारा, त्याला पगार सोडून कुठलंही उत्पन्न चालतं, म्हणून ५०,००० नफ्यातून आणि १,५०,००० भाडं-व्याजातून गेले. राहिले १,००,००० आणि पगार, टॅक्सचा हिशोब त्यावर. तोटा आधी आणि घसारा नंतर, हा क्रम कायद्यानंच ठरवलाय आणि तो आपल्या फायद्याचाच आहे, कारण तोट्याला ८ असेसमेंट वर्षांची मुदत असते आणि घसाऱ्याला मुदतच नाही. शेअरच्या इंट्राडेचा तोटा यात मिसळायचा नाही, तो सट्टा धरतात, फक्त सट्ट्याच्याच नफ्यातून जातो आणि ४ वर्षांतच.

घोळ होतो तो रिटर्नच्या तारखेत. "तोटाच आहे, टॅक्स कुठं भरायचाय, रिटर्न नंतर बघू" असं म्हणून वेळ घालवली, तर कलम ८० प्रमाणे ३,५०,००० पुढं जात नाहीत. ऑडिट नसेल तर वरच्या उदाहरणात तारीख होती ३१ जुलै २०२४. उशिरा भरलं तरी त्या वर्षीचं सेट ऑफ मिळतं आणि घसारा वाचतो, धंद्याचा तोटा मात्र गेला तो गेलाच. वेळेत भरलं असेल तर ITR-3 मधलं CFL शेड्युल उघडून बघायचं, वर्षाच्या ओळीत ३,५०,००० दिसले पाहिजेत. घसारा तिथं शोधू नका, तो UD शेड्युलमध्ये असतो.