सर्व्हिस झाल्यावर कोचने तोंड कधी उघडावं?

बॅडमिंटनची शॉर्ट सर्व्हिस दिसायला अगदी साधी असते. रॅकेट कमरेपुढे आडवी, अंगठा मुठीच्या मागे, शटलला हलका धक्का. शटल जाळीला जवळजवळ घासून पलीकडच्या पहिल्या रेषेपाशी पडलं पाहिजे. नवशिक्या मुलीने ती मारली की बहुतेक वेळा मनगटाला झटका बसतो, शटल हातभर वर उठतं आणि समोरच्याला आयती संधी मिळते. गंमत म्हणजे हे तिला स्वतःला नीट दिसत नाही. ती शटलच्या मागे उभी असते आणि शटल तिच्यापासून सरळ दूर जात असतं, त्यामुळे ते जाळीवरून किती उंच गेलं याचा अंदाज तिथून येत नाही. तो बाजूला उभ्या असलेल्या माणसालाच येतो.

म्हणून मी जाळीच्या वर वीतभर उंचीवर एक दोरी ताणतो आणि जाळीच्या खांबापाशी उभा राहतो. शटल जाळी आणि दोरी यांच्या मधून गेलं तर बरोबर. शिकवायला लागलो तेव्हा शटल हवेत असतानाच मी ओरडायचो, ‘उंच!’ चूक ताजी असतानाच सांगावी, असं तेव्हा वाटायचं. यातला अर्धा भाग चुकीचा होता.

फिट्स आणि पोस्नर या मानसशास्त्रज्ञांनी 1967 मध्ये हालचाल शिकण्याचे तीन टप्पे मांडले. पहिल्यात माणूस विचार करत हालचाल करतो. दुसऱ्यात ती बसत जाते, चुका कमी होतात. तिसऱ्यात ती आपोआप होते आणि लक्ष दुसरीकडे ठेवता येतं. बाहेरून मिळणारी माहिती किती वेळा आणि किती उशिरा द्यावी, हे या टप्प्यांबरोबर बदलायला हवं.

पहिल्या टप्प्यात शिकणारीकडे तुलना करायला काहीच नसतं. बरोबर सर्व्हिस हाताला कशी लागते हेच तिला माहीत नसतं. त्यामुळे इथे जवळजवळ प्रत्येक फटक्यानंतर सांगावं लागतं, तेही एकाच गोष्टीबद्दल. फक्त लगेच नाही. 1990 मध्ये स्विनेन, श्मिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की हालचाल संपताक्षणी निकाल कळलेल्यांपेक्षा काही सेकंदांनी कळलेल्यांचं शिकणं नंतरच्या चाचणीत जास्त टिकलं. कारण समजायला सोपं आहे. फटका संपल्यावर मनगटातून, बोटांतून आलेली संवेदना थोडा वेळ शिल्लक असते. त्याच वेळात मेंदू तिची मोजदाद करत असतो. ‘उंच!’ ही आरोळी नेमकी त्यावरच पडते, आणि आयतं उत्तर मिळाल्यावर हिशोब करायची गरजच उरत नाही. तेव्हा मी आता मनात चारपर्यंत मोजतो, मग बोलतो, आणि बोलून झाल्यावर पुढची सर्व्हिस मारायला घाई करू देत नाही. सांगितलेलं वापरून पुढचा फटका ठरवायलाही वेळ लागतो.

दुसरा टप्पा मला सगळ्यात नाजूक वाटतो, कारण कोच सगळ्यात जास्त नुकसान इथे करतो. कोणाचीही सर्व्हिस दर वेळी थोडी वेगळी जाते. एक चार बोटं वर, पुढची दोन बोटं. हा फरक स्नायूंचा आणि नसांचा नैसर्गिक गोंधळ असतो, चूक नसते. प्रत्येक फटक्यानंतर कोच बोलला की मुलगी या गोंधळाच्याच मागे धावते. उंच गेली म्हणून पुढची दाबते, ती जाळीत अडकते, म्हणून त्यापुढची पुन्हा उचलते. सराव जोरात चाललेला दिसतो, पण हात एका जागी स्थिर होत नाही. दोरीचा खरा उपयोग इथे होतो: शटल पट्ट्यातून गेलं की मी गप्प. गप्प राहणं म्हणजेच ‘जमलं’, हे आधी सांगून ठेवलेलं असतं. नाहीतर मुलं शांततेचा अर्थ नाराजी असा लावतात.

याच टप्प्यात मी पाच-पाच सर्व्हिसचे गट करतो. पाच होईपर्यंत बोलत नाही, वहीत खुणा करतो. मग आधी तिला विचारतो. एक दिवस ती म्हणाली, ‘चौथी उंच गेली, बाकी ठीक.’ माझ्या वहीत दुसरी आणि चौथी उंच होती, पाचवी जाळीत. म्हणजे जाळीतली तिला दिसली होती, पण ती ‘ठीक’ धरली; जरा खाली गेली इतकंच, तिच्या मते. दुसरी मात्र तिला कळलीच नाही. पाचपैकी तीन अंदाज जुळले. मी फक्त वहीतल्या खुणा वाचून दाखवल्या आणि पुढचे पाच सुरू केले.

गट किती मोठा ठेवावा याचे श्मिट आणि सहकाऱ्यांचे दोन प्रयोग आहेत. 1989 च्या प्रयोगात हालचाल सोपी होती. निकाल काहींना दर वेळी, तर काहींना पाच, दहा किंवा पंधरा प्रयत्नांनी एकदम सांगितला. सराव चालू असताना दर वेळी निकाल कळणारे पुढे होते. दोन दिवसांनी निकाल न सांगता चाचणी घेतली तेव्हा क्रम उलटला, आणि पंधरा प्रयत्नांनी निकाल कळलेले सरस ठरले. पुढच्या वर्षी जास्त गुंतागुंतीची हालचाल घेतली, तेव्हा पाचचा गट सगळ्यात चांगला निघाला. म्हणून ‘फीडबॅक जितका कमी तितका बरा’ असा सरसकट नियम काढू नये. वुल्फ आणि सहकाऱ्यांनी 1998 मध्ये स्की सिम्युलेटरवर केलेल्या प्रयोगात वारंवार दिलेला फीडबॅकच उपयोगी ठरला होता. यातले बरेच प्रयोग थोड्याच लोकांवरचे आहेत, त्यामुळे त्यांतून दिशा मिळते, नेमका आकडा नाही.

मग टप्पा बदलला हे ओळखायचं कसं? मी महिने मोजत नाही, अंदाज मोजतो. पाचपैकी चार अंदाज सलग दोन-तीन दिवस माझ्या वहीशी जुळले की गट दहाचा करतो. हा माझा ठोकताळा आहे, शास्त्राचा नियम नव्हे. उलटी खूणही ठरलेली आहे. प्रत्येक सर्व्हिसनंतर मुलगी शटलकडे न बघता माझ्याकडे बघत असेल, तर मी जास्त बोललो आहे.

तिसऱ्या टप्प्यात हात काय करतो आहे हे खेळाडूला आतूनच कळतं आणि समोरच्याचा परतीचा फटका उरलेलं सांगतो. इथे सत्र संपल्यावर एकदा बोलणं, किंवा त्याच दिवशीचा व्हिडिओ एकत्र बघणं पुरतं. तिने विचारलं तर सांगायचं. अपवाद एकच: पकड किंवा उभं राहण्याची जागा मुद्दाम बदलली, तर ती त्या एका गोष्टीपुरती नवशिकी होते. तेव्हा दोरी पुन्हा बांधायची, दर फटक्यानंतर चारपर्यंत मोजायचं, आणि अंदाज जुळायला लागले की काही दिवसांतच मागे सरायचं.

खरी परीक्षा मात्र सरावात नसते. सरावात कोचच्या आवाजाने हात सरळ राहतो आणि तो आवाज गेला की काय उरतं ते कळत नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी, अंग गरम झालं की लगेच, दोरी नसताना पहिल्या दहा सर्व्हिस मी खांबापाशी उभा राहून मोजतो आणि तोंडातून अक्षर काढत नाही. मागच्या वेळी त्या मुलीच्या सहा पट्ट्यातून गेल्या असाव्यात असं मला वाटलं. तिने न विचारताच सांगितलं, ‘सात.’ व्हिडिओ बघितला, तर सातच होत्या.