निवेदनातला वर्तमानकाळ: माहितीपटाच्या भाषेची पार्श्वभूमी

घडून गेलेली गोष्ट वर्तमानकाळात सांगण्याची युक्ती चित्रपटाहून फार जुनी आहे. लाँगिनसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्राचीन ग्रीक ग्रंथात म्हटले आहे की, भूतकाळातील घटना आता घडत असल्यासारखी मांडली की ते कथन उरत नाही, तो प्रसंगच समोर उभा राहतो. मराठी व्याकरणही अशा प्रयोगाला ऐतिहासिक वर्तमान म्हणते. मात्र माहितीपटाच्या निवेदकाला या काळाची आजची सवय लागली ती, माझ्या मते, मुख्यतः रेडिओमुळे.

१९२७ साली बीबीसीने खेळांचे धावते समालोचन सुरू केले आणि श्रोत्यांच्या कानाला एक नवा संकेत कळला. वर्तमानकाळात बोलणाऱ्या माणसाला पुढचा क्षण माहीत नसतो, हा तो संकेत. १९४७ मध्ये अमेरिकेतील सीबीएसने तो थेट इतिहासाला लावला. तिथे सुरू झालेल्या, पुढे ‘यू आर देअर’ या नावाने गाजलेल्या रेडिओ मालिकेत बातमीदार शतकांपूर्वीच्या घटनांचे जणू घटनास्थळावरून वार्तांकन करत. त्यानंतर १९५६ चा ‘नाइट अँड फॉग’ हा फ्रेंच माहितीपट आला. नाझी छळछावणीतून वाचलेल्या जाँ केरोल यांनी त्याचे निवेदन लिहिले होते. त्यात ओस पडलेल्या छावण्यांची रंगीत दृश्ये आणि युद्धकाळातील कृष्णधवल दृश्ये आलटून पालटून येतात, आणि वर्तमानकाळ जुन्या दृश्यांवरही चालत राहतो. तो ऐकताना भूतकाळ संपलेला आहे असे प्रेक्षकाला मानताच येत नाही.

भूतकाळातल्या मसुद्याचे वर्तमानकाळात रूपांतर करायचे असेल, तर त्याची खरी अट या इतिहासातून कळते. क्रियापदाचा प्रत्यय बदलणे सोपे असते, पण त्याबरोबर निवेदकाला काय ठाऊक आहे, हेही बदलावे लागते. १४ एप्रिल १९१२ च्या रात्रीचा टायटॅनिकचा प्रसंग घेऊ. फ्लीट हा त्या जहाजावरचा टेहळणीदार, आणि मूडी हा ब्रिजवरचा, म्हणजे जहाज जिथून चालवतात तिथला, अधिकारी. भूतकाळातला मसुदा असा आहे: ‘त्या रात्री ११.४० ला फ्लीटला समोर हिमनग दिसला. त्याने तीनदा घंटा वाजवली आणि ब्रिजवर फोन केला. मूडीने तो उचलला. दिवसभरात इतर जहाजांकडून बर्फाचे इशारे आले होते. दोन तास चाळीस मिनिटांनी हे जहाज बुडणार होते.’

मराठीत इथे वाक्याची रचनाच हलते. ‘त्याने घंटा वाजवली’ या वाक्यात क्रियापदाचे रूप घंटेप्रमाणे ठरते, तर ‘तो घंटा वाजवतो’ यात ते माणसाप्रमाणे ठरते, आणि त्यामुळे श्रोत्याचे लक्षही कृतीच्या फळावरून करणाऱ्याकडे वळते. ‘त्याने घंटा वाजवतो’ अशी चूक केवळ शेवटचा शब्द बदलत गेल्याने होते, आणि लांब वाक्यात कर्ता दूर राहिला की ती नजरेतून सहज निसटते.

याहून फसवे वाक्य इशाऱ्यांचे आहे. ‘इशारे येतात’ असे केले, तर ते घंटेनंतर आल्यासारखे वाटतात आणि घटनाक्रमच खोटा ठरतो. मूळ ‘आले होते’ची जागा ‘आले आहेत’ने घ्यायला हवी. कथेचा मुख्य क्षण वर्तमानात आला की त्याआधीचे सगळे एक पायरी अलीकडे सरकते, एवढे ध्यानात ठेवले की पुरते. ‘त्या रात्री’ हे शब्दही जातात, कारण ते आपल्याला घटनेपासून दूर, पुढच्या काळात उभे करतात.

शेवटचे वाक्य मी काढूनच टाकीन. ‘बुडणार आहे’ हे व्याकरणाने बरोबर असले तरी ब्रिजवरच्या कोणालाही ते ठाऊक नाही, आणि समालोचकाचा काळ वापरणाऱ्याने समालोचकाचे अज्ञानही स्वीकारले पाहिजे. नवा मसुदा असा होतो: ‘रात्रीचे ११.४०. दिवसभरात इतर जहाजांकडून बर्फाचे इशारे आले आहेत. टेहळणीवरच्या फ्लीटला समोर हिमनग दिसतो. तो तीनदा घंटा वाजवतो, ब्रिजवर फोन करतो. मूडी फोन उचलतो.’

इथे ‘वाजवत आहे’, ‘करत आहे’ अशी रूपे मुद्दाम टाळली आहेत. प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘आहे’ आले की वेग मरतो; ते लांबत जाणाऱ्या स्थितीसाठी राखून ठेवावे, जसे की ‘समुद्र शांत आहे’.

एक मर्यादा मात्र कायम राहते. ‘मूडी घाबरतो’ असे लिहिण्याचा मोह होतो, आणि वर्तमानकाळात ते डोळ्यांनी पाहिल्यासारखे खरे वाटते. भूतकाळातल्या वाक्यात ‘असे म्हणतात’, ‘बहुधा’ हे शब्द सहज सामावतात, पण वर्तमानातल्या वेगवान वाक्यातून ते पहिल्यांदा गळतात. म्हणून रूपांतर झाल्यावर दोन्ही मसुदे शेजारी ठेवून मूळातला प्रत्येक ‘बहुधा’ शोधावा. ज्या वाक्यात तो टिकत नाही, ते वाक्य भूतकाळातच, साक्षीदाराच्या नावासह राहू द्यावे: ‘फ्लीटने नंतर चौकशीत सांगितले की…’