पिच्चर ठरवायचं मतदान

आवडी जुळत नसलेल्या दोस्तांनी एकत्र बसून काय बघायचं हे मतं घेऊन ठरवायची जी पद्धत असते तिला आपल्याकडं काही वेगळं नाव नाही, 'मतं घ्या रे' एवढंच म्हणतात. खरी अडचण मतं घेण्यात नसतेच, ती मोजायची कशी यात असते, कारण तीच माणसं, त्याच आवडी, आणि नुसती मोजायची रीत बदलली की पिच्चर बदलतो.

उदाहरण सांगलीतलं घेऊ. विश्रामबागेतली एक रूम, शनिवारची रात्र, मधे भडंगाचं पातेलं आणि सात जण. पर्याय तीन: भुताचा, साऊथचा मारधाडवाला डब, आणि कॉमेडी. तिघांना भुताचा पाहिजे, तो नसेल तर कॉमेडी, मारधाड शेवटी. दोघांना आधी मारधाड, मग कॉमेडी, भूत शेवटी. उरलेल्या दोघांना आधी कॉमेडी, मग मारधाड, आणि भूत त्यांनाही शेवटीच.

आता नेहमीसारखं 'एकानं एकच सांगा' केलं तर भुताला तीन, बाकी दोन्हींना दोन-दोन, म्हणजे भूत लागलं. पण सातातल्या चौघांनी भूत सगळ्यात शेवटी टाकलंय! त्यांची मतं दोन पिच्चरमधे फुटली म्हणून तिघांचं चाललं, आणि मग अर्ध्या तासात दोघं मोबाईलमधे, एक गच्चीवर आणि एक झोपलेला, हे सगळ्यांनी बघितलेलं असतं. ही पद्धत चुकली की नाही ते ओळखायला सोपं आहे, दोन-दोन पिच्चर समोरासमोर लावून हात मोजायचे. भूत विरुद्ध कॉमेडी केलं तर कॉमेडी चार-तीननं जिंकते, भूत विरुद्ध मारधाड केलं तर मारधाड पण चार-तीननं, आणि कॉमेडी विरुद्ध मारधाड केलं तर कॉमेडी पाच-दोननं. म्हणजे भूत दोघांकडूनही हरतंय आणि तरी तेच लागतंय. समोरासमोरची ही कसोटी फ्रान्सच्या काँदोर्सेनं १७८५ मधे मांडली, आणि कधीकधी अ ब ला, ब क ला आणि क परत अ ला हरवतो असं चक्र होऊन कोणीच जिंकत नाही हे पण त्यानंच दाखवलं.

त्याच्या आधी १७७० मधे बोर्दा नावाच्या फ्रेंच माणसानं नंबरवारीची पद्धत सुचवली होती. पहिल्याला दोन गुण, दुसऱ्याला एक, शेवटच्याला शून्य. आपल्या रूममधे कॉमेडीला नऊ आणि बाकी दोघांना सहा-सहा येतात, झकास. पण इथं चलाखी चालते. समजा मारधाडवाल्या दोघांनी कॉमेडी पाडायची म्हणून तिला मुद्दाम शेवटी टाकलं आणि भूत दुसऱ्या नंबरला लिहिलं, तर कॉमेडी सातावर येते, मारधाड सहालाच राहते आणि भूत आठ गुणांनी पहिलं येतं. म्हणजे ज्यांना भूत नकोच होतं त्यांनीच ते गळ्यात मारून घेतलं. शिवाय कोणीतरी दोन-तीन सारखेच पिच्चर यादीत घुसवले की या पद्धतीत गुणांचं गणित पार हलतं.

म्हणून दोस्तांच्या बैठकीला 'चालेल' पद्धत बरी पडते, असं माझं तरी मत आहे (ब्रॅम्स आणि फिशबर्न या अमेरिकन अभ्यासकांनी १९७८ मधे तिचा नीट अभ्यास मांडला). एकेक पिच्चरचं नाव घ्यायचं आणि ज्याला ज्याला तो चालेल त्यानं हात वर करायचा, कितीही वेळा केला तरी हरकत नाही. प्रत्येकाला आपले पहिले दोन चालत असतील तर भुताला तीन हात, मारधाडीला चार आणि कॉमेडीला सातच्या सात. भूतवाल्या तिघांनी आडमुठेपणा करून फक्त भुतालाच हात वर केला तरी भूत तीनच राहतं आणि कॉमेडी, मारधाड चार-चारवर बरोबरीत येतात. हां, सगळ्यांनीच एकेकच हात वर केला तर मात्र परत जुन्या पद्धतीवरच येतो.

हात एकदम वर व्हायला पाहिजेत, एकामागून एक विचारलं की पहिला बोलतो त्याच्यामागं सगळे जातात, तसं होत असेल तर चिठ्ठ्या बऱ्या. आणि 'चालेल' म्हणजे नक्की काय ते आधी ठरवा, आमच्याकडं 'शेवटपर्यंत बसून बघीन' असा अर्थ आहे. एक गोष्ट मात्र या पद्धतीनं सुटत नाही: ज्याला एकट्यालाच डॉक्युमेंटरी आवडते तो दर शनिवारी हरणार. त्याच्यासाठी मतदान बाजूला ठेवून महिन्यातला एक शनिवार पाळीनं द्यावा लागतो. बरोबरी झाली तर जो पिच्चर लांबीला कमी तो लावायचा, कारण तोपर्यंत साडेदहा वाजलेले असतात आणि भडंग संपत आलेला असतो.