ई-मेलखालची गोपनीयतेची तळटीप

गोपनीयतेची तळटीप, बोलण्यात ‘खालचा डिस्क्लेमर’ : ई-मेलच्या शेवटी, पाठवणाऱ्याच्या नाव-हुद्द्याच्याही खाली चिकटणारा मजकूर. शब्द बदलतात, आशय ठरलेला असतो. हा मेल ज्याच्या नावाने आहे त्याच्यासाठीच आहे. चुकून तुम्हाला आला असल्यास कळवा आणि डिलीट करा. वापरलात किंवा पुढे पाठवलात तर कायदेशीर कारवाई होईल. पूर्वी फॅक्सच्या वरच्या पानावर अशी सूचना छापत, तिथून ती मेलवर आली. मेल-सर्व्हरवर एकदा नियम लावला की ऑफिसातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मेलला ती आपोआप लागते, मग आत ताळेबंद असो की ‘उद्या सकाळी छप्पन दुकानवर पोहे’ एवढंच.

तिच्यातल्या धमकीत दम किती, हे एका कल्पित प्रसंगावरून नीट कळते. इंदूरच्या रामबागेतल्या एका सीएच्या ऑफिसात सियागंजच्या किराणा व्यापाऱ्याचा ताळेबंद तयार झाला. व्यापाऱ्याचे आडनाव जोशी. आर्टिकलशिप करणाऱ्या मुलाने पत्त्याच्या रकान्यात पहिली दोन अक्षरे टाइप केली, मेलने नाव सुचवले, त्याने एंटर दाबले. मेल गेला दुसऱ्याच जोशींना, आणि हे जोशी त्याच बाजारात माल पुरवणारे. आता त्यांना पहिल्या जोशींचा नफा, उधारी आणि पॅन क्रमांक, सगळेच दिसते आहे. मेलखाली अर्थातच दहा ओळींची तळटीप आहे.

पहिला प्रश्न, या तळटिपीने दुसरे जोशी बांधले जातात का? करार म्हणून पाहिले तर नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ प्रमाणे एकाने प्रस्ताव ठेवावा लागतो, दुसऱ्याने संमती कळवावी लागते आणि काहीतरी मोबदला असावा लागतो. इथे जोशींनी काहीच कबूल केलेले नाही, त्यांना काही मिळालेलेही नाही. ‘हा मेल वाचलात म्हणजे अटी मान्य केल्यात’ असे काही तळटिपी म्हणतात. पण त्या ओळीपर्यंत माणूस पोचतो तेव्हा मेल वाचून झालेला असतो. गप्प राहणे म्हणजे होकार नव्हे, हे तत्त्व इंग्लंडमधल्या १८६२ च्या फेल्टहाउस विरुद्ध बिंडली या खटल्यात ठरले. काकाने पुतण्याला लिहिले होते की तुझ्याकडून काही कळले नाही तर घोडा माझा झाला असे मी धरून चालेन. पुतण्याने उत्तर दिले नाही, लिलाववाल्याने चुकून घोडा विकला आणि काका खटला हरला. काका-पुतण्यांचे व्यवहार मराठी माणसाला नवे नाहीत. एकाने पत्र लिहून दुसऱ्यावर जबाबदारी टाकता येत नाही, एवढेच यातून घ्यायचे.

तरीही दुसरे जोशी मोकळे सुटत नाहीत, आणि याचे श्रेय तळटिपीला फारसे नाही. कराराशिवायही गोपनीयता पाळण्याचे एक वेगळे बंधन न्यायालये मानतात. १९६८ च्या कोको विरुद्ध क्लार्क या इंग्लिश निकालाने त्याच्या तीन कसोट्या सांगितल्या : माहिती खरोखर गोपनीय हवी, ती ज्या परिस्थितीत हाती आली त्यातून गुप्ततेचे बंधन निघायला हवे, आणि तिचा परवानगीशिवाय वापर झालेला हवा. भारतीय न्यायालयेही याच वाटेने गेली आहेत. मुंबई उच्च न्यायालयाचा २००३ चा झी टेलिफिल्म्स विरुद्ध सनडायल हा निकाल त्यातला परिचित आहे. चुकून हाती आलेल्या कागदाबद्दल १९८८ मध्ये ब्रिटिश हाउस ऑफ लॉर्ड्सचे लॉर्ड गॉफ यांनी पंख्याचे उदाहरण दिले होते : उघडपणे गोपनीय असलेला कागद पंख्याच्या वाऱ्याने खिडकीतून गर्दीच्या रस्त्यावर पडला आणि वाटसरूने उचलला, तरी त्याच्यावर बंधन येते.

तेव्हा दुसऱ्या जोशींनी तो ताळेबंद व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला तर पहिले जोशी इंदूरच्या दिवाणी न्यायालयात मनाई हुकूम मागू शकतात. तिथे तळटीप पुराव्याचे थोडे काम करते. ‘मला कल्पना नव्हती’ हा बचाव ती दुबळा करते. पण फाइलवर फर्मचे नाव आणि पॅन असताना ती परक्याची आहे हे तळटिपीशिवायही कळतेच. उलट पोह्यांच्या निमंत्रणालाही तीच ओळ लागलेली असेल तर समोरचा वकील पहिल्याच तारखेला ते दाखवेल : ज्या ऑफिसाला सगळेच गोपनीय वाटते, त्याच्या शिक्क्याकडे कोण बघणार?

तळटिपीत कधीकधी माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० चा धाक घातलेला असतो. त्यातल्या कलम ७२अ मध्ये तीन वर्षांपर्यंत कैद आहे खरी, पण ते कलम कायदेशीर कराराखाली सेवा देताना दुसऱ्याची वैयक्तिक माहिती हाती आलेल्या माणसासाठी आहे, आणि नुकसान किंवा गैरफायदा व्हावा या हेतूने, किंवा तसे होईल हे माहीत असून, ती उघड केलेली असावी लागते. दुसरे जोशी कोणाला सेवा देत नव्हते. कलमाच्या जवळपास कोणी असेल तर ते सीएचे ऑफिसच, आणि तिथेही निव्वळ चुकीत तो हेतू सापडत नाही.

इथे बाजू उलटते. सनदी लेखापाल अधिनियम, १९४९ च्या दुसऱ्या अनुसूचीत पहिल्याच क्रमांकाला म्हटले आहे की अशिलाची माहिती त्याच्या संमतीशिवाय किंवा कायद्याची गरज नसताना उघड करणे हे व्यावसायिक गैरवर्तन आहे. चुकीचा पत्ता त्यात बसतो की नाही यावर वाद घालता येईल. ‘पण खाली डिस्क्लेमर होता’ हे मात्र त्याचे उत्तर नव्हे. अशिलाशी असलेले नाते मेल पाठवण्याआधीचे आहे, परक्याला दिलेल्या सूचनेने ते सैल होत नाही. वकिलांसारखे साक्षीतले संरक्षणही इथे नाही. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ चे कलम १३२ वकील आणि अशील यांच्यातल्या संवादाला संरक्षण देते. सीएने मेलखाली वकिली थाटाचा मजकूर लावला म्हणून ते मिळत नाही.

जिथे आधीच लेखी गोपनीयता-करार आहे तिथे मात्र चित्र वेगळे. ‘गोपनीय अशी खूण असलेली माहितीच गोपनीय’ असे पुष्कळ करारांत लिहिलेले असते. अशा वेळी खूण हवीच, आणि ती फाइलवर व विषयाच्या ओळीत हवी. सरसकट तळटीप पुरेशी आहे का, यावरून भांडण व्हायला जागा राहते.

दुसऱ्या जातीची तळटीप म्हणते की सही झाल्याशिवाय या मेलने करार होत नाही. ती पाठवणाऱ्याच्या स्वतःच्या इच्छेबद्दल असल्याने तिला जास्त वजन मिळू शकते, पण प्रत्यक्ष देवाणघेवाण उलट सांगत असेल तर ती एकटी तग धरेलच असे नाही. ट्रायमेक्स विरुद्ध वेदांता या २०१० च्या खटल्यात, औपचारिक दस्तऐवजावर सह्या नसतानाही, मेलवरच्या देवाणघेवाणीतून करार झाला असे सर्वोच्च न्यायालयाने मानले.

रामबागेतल्या त्या ऑफिसाने चूक कळताच काय करावे? जीमेलमध्ये पाठवलेला मेल थांबवायला जास्तीत जास्त ३० सेकंद मिळतात. आउटलुकचे मेल परत बोलावणे साधारणपणे एकाच संस्थेच्या आत चालते, बाहेरच्या पत्त्यावर नाही. म्हणून दुसऱ्या जोशींना आधी फोन, आणि लगेच वेगळा मेल : अमुक वाजता अमुक नावाची फाइल चुकून आली आहे, ती आमच्या अशिलाची आहे, उघडू नका, पुढे पाठवू नका, डिलीट करून दोन ओळी कळवा. हा मेल एकाच माणसाला, एकाच फाइलबद्दल असतो, त्यामुळे त्यानंतर अजाणतेपणाचा बचाव उरत नाही. मग दुसरा फोन पहिल्या जोशींना, आणि सर्वांत अवघड तोच.