नऊ खेळाडू, पाच डाव आणि एक उरलेलं दार

आमच्या सोसायटीत एकदा बुद्धिबळाची छोटी स्पर्धा ठरली. नावं आली ९. दोन दिवसांत सगळ्यांचे सगळ्यांशी डाव होणं शक्य नव्हतं, म्हणून ठरलं की प्रत्येकाने ५ वेगवेगळ्या प्रतिस्पर्ध्यांशी खेळायचं. वेळापत्रक माझ्याकडे आलं. कागदावर ९ नावं गोलात लिहिली आणि जो ज्याच्याशी खेळणार त्या दोघांमध्ये रेघ ओढत गेलो. आठ जणांचे पाच-पाच डाव जुळले, नवव्याचे चाराच्या वर होईनात. खोडून पुन्हा मांडलं, तरी कुणीतरी एक अडकायचाच. तासाभराने मी नुसती बेरीज केली आणि पेन्सिल खाली ठेवली.

प्रत्येकाला विचारलं, "तू किती डाव खेळलास?" तर नऊ जणांची उत्तरं मिळून ९ × ५ = ४५ व्हायला हवीत. पण प्रत्येक डाव दोघांच्या हिशोबात येतो, एकदा याच्या आणि एकदा त्याच्या. म्हणजे ही बेरीज डावांच्या संख्येच्या बरोबर दुप्पट असणार. ४५ ही कशाचीच दुप्पट नाही. साडेबावीस डाव कोण खेळणार? असं वेळापत्रक अस्तित्वातच नव्हतं. शेवटी एकाला चार डाव दिले, बेरीज ४४ झाली आणि २२ डावांत स्पर्धा पार पडली.

ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा, अशा चित्राला गणितात ग्राफ म्हणतात. एका ठिपक्याला जितक्या रेघा येऊन मिळतात, ती त्या ठिपक्याची कोटी. सगळ्या कोट्यांची बेरीज म्हणजे रेघांची दुप्पट, कारण प्रत्येक रेघेला टोकं दोन. आता या बेरजेतून सम कोटीचे ठिपके बाजूला काढा. त्यांची बेरीज समच असते, म्हणून उरलेल्या विषम कोट्यांची बेरीजही सम असायला हवी. विषम संख्यांची बेरीज सम यायची तर त्यांची गणती सम असावी लागते. म्हणून कोणत्याही ग्राफमध्ये विषम कोटीचे ठिपके ०, २, ४ असे समच सापडतात, कधीही एक किंवा तीन नाही.

हेच चित्र काढता काढताही दिसतं. कोऱ्या ठिपक्यांपासून सुरुवात करा, विषम ठिपके शून्य. एक रेघ ओढली की तिच्या दोन्ही टोकांची समविषमता उलटते. दोन्ही सम असतील तर विषम दोनाने वाढतात, दोन्ही विषम असतील तर दोनाने घटतात, एक-एक असेल तर नुसती अदलाबदल होते. संख्या हलते ती दोनानेच.

गणितज्ञ ओयलरने १७३६ च्या सुमारास कोनिग्सबर्ग शहरातल्या सात पुलांवर लिहिताना हीच बेरीज केली होती. नदीतल्या एका बेटावर ५ पूल येत होते, शहराच्या बाकीच्या तीन भागांत ३-३. एकूण १४, म्हणजे साताची दुप्पट. प्रत्येक पूल एकदाच ओलांडत सगळे पूल फिरायचे तर विषम भाग दोनाहून जास्त नकोत, आणि इथे चार होते.

मात्र बेरीज सम आली म्हणजे चित्र काढता येईलच, असं धरू नये. चार खेळाडूंनी अनुक्रमे ३, ३, १, १ डाव खेळायचे, कुणाशीही एकाहून जास्त नाही. बेरीज ८, विषम चार, सगळं ठीक दिसतं. पण ३ डाव खेळणारे दोघेही बाकी सगळ्यांशी खेळणार, मग उरलेल्यांना किमान दोन-दोन डाव खेळावेच लागतात. समविषमता "नाही" खात्रीने सांगते, "हो" सांगत नाही. दुसरी अट अशी की नातं परस्पर हवं. "तू किती जणांना ओळखतोस?" याच्या उत्तरांना हा नियम लागू नाही, कारण मी ज्यांना ओळखतो ते सगळे मला ओळखतातच असं नाही.

या नियमाची मला सगळ्यात आवडणारी करामत वेगळीच आहे. एक वाडा डोळ्यांसमोर आणा. खोल्या कितीही, आतली दारं एका खोलीतून दुसरीत जाणारी, आणि बाहेर उघडणारं दार फक्त एक. खोल्या हे ठिपके, बाहेरचं अंगण हाही एक ठिपका, दारं म्हणजे रेघा. अंगणाची कोटी १, विषम. ते एकटं विषम असू शकत नाही, म्हणून वाड्यात कुठेतरी विषम दारांची खोली असणारच. वाडा न बघता आपण तिच्याबद्दल बोललो.

१९२८ मध्ये एमानुएल स्पर्नर या जर्मन गणितज्ञाने मांडलेला सिद्धान्त याच वाटेने सुटतो. मोठा त्रिकोण घ्या, त्याचे लहान त्रिकोण करा, कडेला कड पूर्ण जुळेल असे. मोठ्या त्रिकोणाचे कोपरे लाल, पिवळा आणि निळा रंगवा. लहान त्रिकोणांचे जे कोपरे मोठ्या बाजूवर येतात त्यांना त्या बाजूच्या दोन टोकांपैकीच एक रंग द्यायचा, आतल्या कोपऱ्यांना वाटेल तो. मग तिन्ही रंगांचा एक तरी लहान त्रिकोण निघतोच, तुम्ही कितीही आडवंतिडवं रंगवा.

लहान त्रिकोण म्हणजे खोली. ज्या कडेचं एक टोक लाल आणि दुसरं पिवळं, ती कड म्हणजे दार, बाकी कडा भिंती. खोलीच्या दोन कोपऱ्यांत लाल आणि पिवळा असतील, तर तिसरा निळा असल्यास दार एकच. तिसरा लाल किंवा पिवळा असल्यास दारं दोन. लाल-पिवळी जोडीच नसेल तर दार शून्य. म्हणजे विषम दारांची खोली आणि तिरंगी खोली एकच. आता बाहेरची दारं मोजू. ती फक्त लाल-पिवळ्या बाजूवरच असू शकतात, कारण उरलेल्या बाजूंवर यांपैकी एक रंग येतच नाही. त्या बाजूवरून लाल कोपऱ्याकडून पिवळ्याकडे चालत जाताना रंग विषम वेळा बदलतो, नाहीतर लालवरच येऊन थांबलो असतो. अंगण विषम, म्हणून तिरंगी खोल्यांची संख्याही विषम, आणि विषम म्हणजे शून्य नक्कीच नाही.

एक छोटं चित्र काढून बघा. मोठ्या त्रिकोणाच्या तिन्ही बाजूंचे मध्य जोडले की चार खोल्या होतात. लाल-पिवळ्या बाजूचा मध्य लाल करा, पिवळ्या-निळ्याचा पिवळा, निळ्या-लालचा लाल. बाहेरचं दार एकच, पिवळ्या कोपऱ्यालगत. तिथून आत शिरलं की त्या खोलीला दुसरं दार आहे, ते मधल्या खोलीत उघडतं. मधल्या खोलीतूनही दुसरं दार आहे, ते निळ्या कोपऱ्याच्या खोलीत नेतं आणि तिथे पुढे दार नाही. हीच तिरंगी खोली. आता पिवळ्या-निळ्या बाजूचा मध्य पिवळ्याऐवजी निळा करा. त्याच दाराने आत गेलात की पहिल्याच खोलीत वाट संपते. तिरंगी खोली उडी मारून पिवळ्या कोपऱ्यात आली, पण नाहीशी झाली नाही.

चालण्याच्या या पद्धतीत मात्र एक गोष्ट गृहीत आहे. खोल्या मोजक्या हव्यात. एका दाराने आत जा, समोर दुसरं दार, पुढे आणखी खोली, आणि ही रांग कधीच संपत नसेल, तर प्रत्येक खोलीला दोनच दारं असतात, विषम खोली एकही नसते आणि अंगण एकटंच विषम राहतं. तिथे ४५ सारखी बेरीज करायला बेरीजच उरत नाही.