४३ बाइटचं चित्र: ईमेल उघडल्याची खबर पाठवणाऱ्याला कशी मिळते

एक पिक्सेल रुंद, एक पिक्सेल उंच, पूर्ण पारदर्शक जीआयएफ चित्र. फाइलचा आकार साधारण ४३ बाइट. जाहिरातीच्या, बातमीपत्रांच्या आणि खरेदीच्या पावत्यांच्या मेलमध्ये अगदी तळाशी ते बसवलेलं असतं. ते कोणाला दिसावं अशी अपेक्षाच नसते. तुमच्या फोनने किंवा संगणकाने ते मागवावं, एवढंच त्याचं काम.

ईमेलच्या मूळ रचनेत असं काही शक्यच नव्हतं. १९८२च्या आरएफसी ८२२ या मानकात मेल म्हणजे निव्वळ मजकूर. तो एकदा तुमच्याकडे उतरला की वाचताना बाहेर कुठे जावं लागत नसे. १९९२ मध्ये नॅथॅनियल बोरेनस्टीन आणि नेड फ्रीड यांनी माइम हे मानक आणलं आणि मेलला चित्रं जोडता येऊ लागली, पण तीही मेलच्या पोटातच यायची. खरा फरक नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात पडला. नेटस्केप, आउटलुक एक्स्प्रेस यांसारखे प्रोग्राम मेल वेबपानासारखा दाखवू लागले. वेबपानात चित्र नसतं, चित्राचा पत्ता असतो. मेल उघडला की प्रोग्राम त्या पत्त्यावर जातो आणि चित्र घेऊन येतो. ही जी फेरी होते, तिचीच नोंद पलीकडे राहते.

याच काळात, १९९८ मध्ये, सरळमार्गी उपायही मानकात आला होता. पाठवणाऱ्याने मेलसोबत पोचपावती मागायची आणि वाचणाऱ्याने ती द्यायची की नाही ते ठरवायचं, रजिस्टर पोस्टाच्या पावतीवर आपण सही करतो तसं. साहजिकच बहुतेक जण ‘नको’ म्हणत. ज्यांना न विचारता खबर हवी होती, त्यांनी चित्राचा रस्ता धरला.

तो रस्ता असा. समजा, एका दुकानाने हजारो ग्राहकांना एकच मेल पाठवला. मजकूर सगळ्यांना सारखा, पण ही एक ओळ प्रत्येकासाठी वेगळी:

```html
<img src="https://t.example.com/o/7f3a91c2.gif" width="1" height="1">
```

यातला `7f3a91c2` हा आकडा दुकानाच्या यादीत फक्त तुमच्या ईमेल पत्त्यासमोर लिहिलेला आहे. तुम्ही रात्री मेल उघडला की त्यांच्या सर्व्हरवर अशी नोंद पडते:

```
203.0.113.45 [12/Mar/2012:22:47:09 +0530] "GET /o/7f3a91c2.gif" 200 43
```

म्हणजे पावणेअकराच्या सुमारास तुम्ही मेल वाचला, हे कळलं. ओळीच्या सुरुवातीला तुमच्या जोडणीचा आयपी पत्ता आहे. त्यावरून ढोबळमानाने शहर कळतं, कधी ऑफिसचं नेटवर्कही कळतं. याच मागणीसोबत प्रोग्राम आणि यंत्राचं नावही जातं, त्यामुळे फोन की लॅपटॉप तेही समजतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही तोच मेल पुन्हा उघडलात तर दुसरी ओळ पडू शकते. मेल कोणाला पुढे धाडलात, तर तोच आकडा घेऊन वेगळ्या आयपी पत्त्यावरून तिसरी ओळ पडते.

रिचर्ड स्मिथ या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९९९ मध्ये या प्रकाराला ‘वेब बग’ असं नाव देऊन तो लोकांसमोर मांडला. त्याला जास्त खुपत होती ती कुकी, म्हणजे सर्व्हरने तुमच्या यंत्रावर ठेवलेली ओळखखूण. चित्र मागवताना त्या सर्व्हरची कुकीही जात असे. त्यामुळे जाहिरात कंपनीला, वेबवर निनावी फिरणारा हा माणूस म्हणजेच हा ईमेल पत्ता, अशी गाठ घालता येत होती. स्पॅम पाठवणाऱ्यांना तर एवढ्या खोलात जायचीही गरज नव्हती. चित्र मागवलं गेलं म्हणजे पत्ता जिवंत आहे, आणि जिवंत पत्त्याला बाजारात भाव होता. आउटलुक २००३ने बाहेरची चित्रं आपणहून उतरवणं बंद केलं ते याच पार्श्वभूमीवर. थंडरबर्डनेही तेच धोरण ठेवलं.

पण पिक्सेल फक्त विक्रेत्यांपुरता राहिला नाही. २००६ च्या जानेवारीत सी-नेट या वृत्तसंकेतस्थळावर ह्युलेट-पॅकार्ड कंपनीच्या संचालकांच्या बंद दाराआडच्या चर्चेची बातमी आली. बातमी फोडणारा संचालक कोण, हे शोधायला कंपनीने माणसं लावली. त्यांनी ‘जेकब’ नावाचा एक खोटाच नाराज कर्मचारी उभा केला आणि त्याच्या नावाने बातमीदार महिलेला मेल पाठवला. सोबतच्या फाइलमध्ये माग काढणारी सोय दडवलेली होती. हिशेब साधा होता: खात्री करून घ्यायला ती बातमीदार हे आपल्या आतल्या माणसाकडे पाठवेल, तो उघडेल, आणि त्याचा आयपी पत्ता आपल्या हाती लागेल. वर सांगितलेली तिसरी ओळ त्यांना हवी होती. तो डाव काही साधला नाही. पुढे खोटी ओळख सांगून फोनच्या नोंदी मिळवल्याचंही उघड झालं, अध्यक्ष पॅट्रिशिया डन यांना पद सोडावं लागलं आणि अमेरिकन काँग्रेससमोर सुनावणी झाली. मला या प्रकरणात बोधप्रद वाटतं ते हे, की मेल ज्याला लिहिला तो माणूस लक्ष्य नव्हताच. त्याच्या पुढचा होता.

२०१९ मध्ये अमेरिकन नौदलाच्या वकिलांनीही असंच केलं. एका सैनिकावरच्या खटल्यात बचाव पक्षाच्या वकिलांना आणि एका संपादकाला पाठवलेल्या मेलमध्ये सहीखाली तराजू आणि झेंड्याचं एक चित्र होतं. माग काढणारी सोय त्यातच होती. न्यायाधीशांनी मुख्य सरकारी वकिलाला खटल्यावरून दूर केलं. म्हणजे हे चित्र अदृश्यच असतं असंही नाही. कंपनीचा भलामोठा लोगोसुद्धा तेच काम करू शकतो, फक्त त्याच्या पत्त्यात तुमचा आकडा हवा.

इथून पुढचा बचावाचा इतिहास दोन प्रश्नांभोवती फिरतो: चित्र कोण मागतं आणि कधी मागतं.

पहिला प्रश्न गुगलने हातात घेतला. तोवर जीमेल बाहेरची चित्रं झाकून ठेवत असे आणि ती बघायला एक दुवा दाबावा लागे. डिसेंबर २०१३ मध्ये गुगलने जाहीर केलं की यापुढे चित्रं आमचा सर्व्हर आणेल आणि तुम्हाला दाखवेल. आता पाठवणाऱ्याच्या नोंदीत तुमच्याऐवजी गुगलचा आयपी पत्ता आणि `GoogleImageProxy` असं नाव पडू लागलं. शहर गेलं, यंत्र गेलं, कुकी गेली. पण या बदल्यात चित्रं आपोआप दिसू लागली, आणि गुगलचा सर्व्हर चित्र आणायला जातो ते तुम्ही मेल उघडल्यावर. आधी ज्याने चित्रांचा दुवा कधीच दाबला नसता, त्याचंही मेल उघडणं आता मोजलं जाऊ लागलं. खासगीपणाच्या नावाने आलेल्या या बदलात विक्रेत्यांचाच जास्त फायदा झाला, असं माझं मत आहे.

त्यानंतर प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी ९०२ संकेतस्थळांकडून आलेले साडेबारा हजारांवर मेल तपासले. मेल नुसता उघडल्यावर सुमारे २९ टक्के मेलमध्ये वाचणाऱ्याचा ईमेल पत्ता कोणा ना कोणा त्रयस्थ कंपनीकडे जात होता, बऱ्याचदा सांकेतिक रूपात. पण एकाच पत्त्याचं सांकेतिक रूप सगळीकडे सारखंच येतं, त्यामुळे ओळख पटवायला ते पुरतं. २०१९ मध्ये सुपरह्यूमन या महागड्या मेल सेवेवर टीकेची झोड उठली. मेल कोणी, किती वेळा, कुठल्या भागातून उघडला, हे ती सेवा पाठवणाऱ्याला दाखवत होती, आणि तेही आपणहून. कंपनीच्या प्रमुखाने माफी मागितली, ठिकाण दाखवणं बंद केलं आणि जुन्या ठिकाणांच्या नोंदी पुसून टाकायचं कबूल केलं.

दुसरा प्रश्न, ‘कधी’चा, ॲपलने सोडवला. सप्टेंबर २०२१ च्या आयओएस १५ मध्ये `Protect Mail Activity` हा पर्याय आला. तो चालू असेल तर मेल ॲप चित्रं मागच्या मागे आणून ठेवतं, मग तुम्ही मेल उघडा किंवा न उघडता पुसून टाका. ती येतातही दोन वेगवेगळ्या संस्थांच्या सर्व्हरमधून. पहिल्याला तुमचा आयपी पत्ता कळतो पण चित्र कुठलं ते नाही, दुसऱ्याला चित्र कळतं पण तुम्ही कोण ते नाही. पाठवणाऱ्याच्या नोंदीत ओळ पडतेच, पण तिचा अर्थ ‘वाचला’ असा राहत नाही. मेल किती जणांनी उघडला याचे आकडे रातोरात फुगले आणि विपणनवाल्यांचा त्यांच्यावरचा भरवसा उडाला. तरी पत्ता वापरात आहे, एवढं याही रीतीत कळू शकतं.

इथे एक गोम आहे. हे संरक्षण आयफोनचं नाही, ॲपलच्या मेल ॲपचं आहे. त्याच आयफोनवर तुम्ही जीमेलचं ॲप वापरत असाल तर गुगलची रीत लागू होते आणि उघडल्याची वेळ पाठवणाऱ्याला कळते.

जीमेलमध्ये ते थांबवायचं तर संगणकावर `See all settings` मध्ये `General` खाली `Images` शोधा आणि `Ask before displaying external images` निवडा. फोनच्या ॲपमध्येही सेटिंगमध्ये त्या खात्याखाली हाच पर्याय मिळतो. थंडरबर्डमध्ये `Privacy & Security` खालच्या `Allow remote content in messages` वर खूण नसावी. आयफोनच्या मेल ॲपमध्ये `Protect Mail Activity` बंद केलं की `Block All Remote Content` हा वेगळा पर्याय खुला होतो. त्यात चित्र मागवलंच जात नाही, त्यामुळे पत्ता जिवंत असल्याचंही कळत नाही. पण मग दुकानांचे मेल रिकाम्या चौकटींसारखे दिसतात आणि ‘चित्रं दाखवा’ म्हटलं की लोगोबरोबर पिक्सेलही येतो, कारण यातला एकच आणा असं सांगायची सोय नसते.

एखाद्या मेलमध्ये पिक्सेल आहे का, हे बघायचं असेल तर संगणकावर जीमेलमध्ये तो मेल उघडून तीन ठिपक्यांमधून `Show original` निवडा आणि `<img` शोधा. मेलची सांकेतिक मांडणी वेगळी असल्याने `width="1"` ऐवजी `width=3D"1"` असं दिसू शकतं आणि लांब पत्ता मध्येच `=` येऊन तुटलेला असतो. काही मेल तर नुसत्या अक्षरांच्या ढिगाऱ्यासारखे दिसतात. ते बेस६४ मध्ये असतात आणि उलगडल्याशिवाय त्यात काहीच सापडत नाही. शोध रिकामा आला म्हणून पिक्सेल नाही, असं समजू नका.

आणि दुवे वेगळेच. चित्रं पूर्ण बंद असली तरी मेलमधलं ‘ऑर्डर पाहा’ हे बटण बहुधा आधी पाठवणाऱ्याच्या माग काढणाऱ्या सर्व्हरवर जातं, तुमचा आकडा तिथे टेकवतं आणि मग दुकानाच्या पानावर नेतं. त्या वेळी चित्र तुमचा ब्राउझर मागत नसला, तरी पान तुमचाच ब्राउझर मागतो, तुमच्याच आयपी पत्त्यावरून. त्यापेक्षा दुकानाचं संकेतस्थळ स्वतः उघडून ऑर्डर बघणं बरं.